रोज नऊ तासांपेक्षा जास्त झोप: कारण कसं शोधायचं आणि डॉक्टरांकडे कधी जायचं

तक्रार साधारण अशी असते. रात्री वेळेवर झोपतो, सकाळी उशिरा उठतो, हिशोब केला तर साडेनऊ-दहा तास भरतात, आणि तरीही उठवत नाही. असं दोन-चार दिवस नाही, महिनोन्‌महिने चाललेलं असतं. घरचे आळशी म्हणतात. शोधायला गेलं तर एकीकडे "शरीराला गरज असेल, झोपू द्या" असा सल्ला मिळतो आणि दुसरीकडे जास्त झोपल्याने आयुष्य कमी होतं अशी भीती घातली जाते. या दोन्हींनी प्रश्न सुटत नाही.

प्रौढांसाठी ७ ते ९ तास झोप पुरेशी मानतात, किशोरवयीन मुलांसाठी ८ ते १०. म्हणजे सोळा वर्षांचा मुलगा साडेनऊ तास झोपत असेल तर तिथे शोधण्यासारखं काही नाही. प्रौढ माणसाच्या बाबतीतही नुसत्या आकड्यावरून निदान होत नाही. आकड्यासोबत तीन गोष्टी विचाराव्या लागतात. उठल्यावर ताजंतवानं वाटतं का? दिवसा पेंग येते का? आणि हे कायमचंच आहे की मध्येच कधीतरी सुरू झालं? निम्मा उलगडा या उत्तरांतून होतो. पण त्याआधी एक गोष्ट तपासून घ्यायला हवी, कारण बरेच जण इथेच फसतात.

आधी खात्री करा: झोप नऊ तासांची आहे की अंथरूण?

"दहा ते साडेसात झोपतो" असं सांगणारा माणूस बहुतेक वेळा अंथरुणातला वेळ सांगत असतो. समजा कुणी रात्री साडेनऊला आडवं होतं आणि साडेसातला उठतं. म्हणजे १० तास अंथरुणात. त्यातली ४५ मिनिटं झोप लागायला गेली, मध्यरात्री जाग येऊन तासभर कुशी बदलण्यात गेला, आणि पहाटे जाग आल्यावर आणखी ४५ मिनिटं डोळे मिटून लोळण्यात गेली. प्रत्यक्ष झोप झाली साडेसात तास. झोपेचा वेळ भागिले अंथरुणातला वेळ असं गुणोत्तर काढलं तर ते ७५ टक्के येतं. साधारण ८५ टक्के किंवा त्याहून जास्त असलं तर ठीक समजतात.

या माणसाला जास्त झोपेचा त्रास नाही. त्याची झोप पातळ झाली आहे, आणि थकवा जाईल या आशेने तो अंथरुणातला वेळ वाढवत गेल्यामुळे ती आणखी पातळ होते आहे. इथे उपाय उलट्या दिशेचा आहे: अंथरुणातला वेळ कमी करायचा. उठायची वेळ सातला पक्की करायची, झोपायला अकराला जायचं, मधली झोप दाटते का ते दोन आठवडे पाहायचं. पहिले काही दिवस जड जातात. फिट येणाऱ्या, बायपोलर आजार असलेल्या किंवा वाहन-यंत्र चालवण्याचं काम करणाऱ्या माणसाने मात्र हा प्रयोग डॉक्टरांना विचारूनच करावा.

मनगटावरच्या घड्याळावर यासाठी फार विसंबू नका. ते मुख्यतः हालचाल आणि नाडी पाहून अंदाज बांधतं, त्यामुळे स्वस्थ पडून जागं असलेल्या माणसाला झोपलेला धरण्याकडे त्याचा कल असतो. एक साधी वही बरी. दोन आठवडे रोज सकाळी लिहायचं: अंथरुणात कधी गेलो, झोप लागायला अंदाजे किती वेळ लागला, किती वेळा जाग आली, शेवटची जाग कधी आली, प्रत्यक्ष उठलो कधी. संध्याकाळी दुपारच्या डुलक्या, चहा-कॉफी, दारू आणि घेतलेल्या गोळ्या लिहायच्या. रात्री घड्याळ बघत बसू नका, अंदाज पुरतो. सुट्टीचे दिवस वेगळ्या रंगाने लिहिलेत तर पुढे फार उपयोग होईल.

मग बघा: थकबाकी आहे का

सगळ्यात सर्रास आढळणारं आणि सगळ्यात निरुपद्रवी कारण म्हणजे साचलेली अपुरी झोप. कामाच्या दिवशी सहा तास आणि सुट्टीला अकरा, असं वहीत दिसलं तर उत्तर मिळालं. रात्री तीनला झोप लागणारं पण सातला उठावं लागणारं तरुण मंडळींचं वेळापत्रक याच गटात मोडतं. त्यांना झोप जास्त लागत नाही, ती चुकीच्या वेळी लागते. पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांचंही तसंच.

थकबाकी फिटली की झोप आपोआप आखडते, हे मोजून पाहिलेलं आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला थॉमस वेअर यांनी निरोगी तरुणांना रोज १४ तास अंधारात विश्रांतीची मुभा दिली. सुरुवातीच्या रात्री ते खूप झोपले. चार आठवड्यांनी मात्र तीच मुभा असूनही त्यांची झोप आठ तासांच्या थोडी वर येऊन स्थिरावली. निरोगी शरीर अमर्याद झोपत नाही. म्हणून घरच्या घरी करायची कसोटी अशी: सलग दोन-तीन आठवडे रोज पुरेसा वेळ द्या, उठायची वेळ सुट्टीच्या दिवशीही फार हलवू नका, आणि तास हळूहळू उतरतात का ते बघा. उतरले तर ती थकबाकी होती. पुरेसा वेळ देऊनही आकडा नऊ-साडेनऊच्या वर अडून राहिला आणि सकाळ जडच राहिली, तर पुढे शोधायला हवं.

आजारपणानंतरचे आठवडे या हिशोबात धरू नका. ताप, विषाणूचा संसर्ग किंवा शस्त्रक्रियेनंतर शरीर जास्त झोप मागतं. गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीतही.

झोप येते की थकवा येतो?

हा फरक डॉक्टरांसमोर सांगता आला तर तपासण्यांची दिशाच बदलते. अंगात त्राण नाही, जिना चढवत नाही, पण दुपारी आडवं झालं तरी डोळा लागत नाही, हा थकवा. शांत बसलं की काही मिनिटांत मान कलते, ही झोप. रक्तात हिमोग्लोबिन कमी असणं, थायरॉईड मंदावणं, मधुमेह ताब्यात नसणं, यांत थकवा जास्त आणि खरी पेंग त्या मानाने कमी असते. थायरॉईड मंदावला असेल तर थंडी सहन न होणं, बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा, थोडं वाढलेलं वजन अशा खुणाही सोबत दिसतात. रक्ताच्या या साध्या तपासण्या करून घ्याव्यातच. पण त्यांत किरकोळ दोष निघाला की "कारण सापडलं" म्हणून तिथेच थांबू नये.

पेंग मोजायला एक छोटी प्रश्नावली आहे, एपवर्थ नावाची. ऑस्ट्रेलियातील डॉक्टर मरे जॉन्स यांनी ती १९९१ साली मांडली. वाचताना, टीव्ही बघताना, सभेत शांत बसल्यावर, तासभर गाडीत बाजूला बसून प्रवास करताना, दुपारी आडवं झाल्यावर, कुणाशी बसून बोलताना, दुपारच्या जेवणानंतर निवांत बसल्यावर, आणि वाहतुकीत गाडी थांबलेली असताना, अशा आठ प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता ० ते ३ या गुणांत लिहायची. बेरीज १०च्या वर गेली तर पेंग नेहमीपेक्षा जास्त आहे असं धरतात. शेवटच्या प्रसंगाला तुमचं उत्तर शून्य नसेल तर बेरीज कितीही कमी येवो, वाहन चालवणं आजपासून थांबवा.

एक उदाहरण, पायरीपायरीने

अनेक रुग्णांत दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून हे उदाहरण रचलं आहे. ४६ वर्षांची एक बाई, हिशोबनीस. दोन वर्षांपासून झोप वाढत गेली. वहीत दिसतं: रात्री दहाला अंथरुणात, सव्वादहाला झोप, दोनदा लघवीसाठी उठणं, त्यात प्रत्येकी दहा मिनिटं, आणि सकाळी पावणेआठला उठणं. प्रत्यक्ष झोप ९ तास १० मिनिटं. सुट्टीच्या दिवशीही जवळपास तेवढीच. म्हणजे अंथरुणात लोळण्याचा प्रश्न नाही आणि थकबाकीही नाही. सकाळी तोंड कोरडं, डोकं जड. संध्याकाळी टीव्हीसमोर डुलकी. एपवर्थची बेरीज १३.

रक्तात थायरॉईड ठीक निघाला, हिमोग्लोबिन थोडं कमी. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. अनेकांचा शोध इथेच संपतो.

वहीत आणखी एक नोंद होती: शिंकांसाठी रोज रात्री सेटिरिझिन. ही गोळी काहींना दुसऱ्या दिवशीही सुस्त ठेवते. डॉक्टरांनी तिच्याऐवजी नाकात मारायचा फवारा दिला. दोन आठवड्यांत सकाळ थोडी हलकी झाली, पण झोपेचे तास तसेच राहिले. ही महत्त्वाची खूण होती. एक कारण काढलं, थोडा फरक पडला, म्हणजे त्याखाली दुसरं कारण शिल्लक आहे.

मग नवऱ्याला विचारलं. घोरणं फार मोठं नव्हतं, म्हणून त्याने कधी बोलून दाखवलं नव्हतं. आता लक्ष देऊन ऐकल्यावर कळलं की घोरणं मध्येच थांबतं, काही क्षण शांतता, मग एक मोठा हुंदका दिल्यासारखा श्वास. घरी करायच्या झोप-चाचणीत तासाला सरासरी १९ वेळा श्वास अडकणं किंवा अपुरा पडणं नोंदलं गेलं. किमान १० सेकंदांचा असा अडथळा एक धरतात. तासाला ५पर्यंत सामान्य, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, त्यापुढे तीव्र. निदान झालं: स्लीप अ‍ॅप्निया.

श्वास अडला की मेंदू क्षणभर जागा होतो आणि घशाचे स्नायू पुन्हा ताठ करतो. ही जाग इतकी छोटी असते की सकाळी आठवत नाही. पण तासाला १९ वेळा असं घडलं तर गाढ झोप जमतच नाही, आणि शरीर उरलेली भूक तास वाढवून भागवायला बघतं. रात्रीच्या लघवीचा संबंधही इथेच आहे. बंद घशाविरुद्ध श्वास ओढताना छातीतला दाब बदलतो, हृदयाचे कप्पे ताणले जातात आणि त्यातून लघवी वाढवणारं एक संप्रेरक बाहेर पडतं. मूत्राशयाचा वाटणारा त्रास अनेकदा श्वासाचा निघतो तो असा.

तिला सीपॅप यंत्र दिलं. हे यंत्र मास्कमधून हलक्या दाबाची हवा सोडून घसा उघडा ठेवतं. पहिला आठवडा मास्कची अडचण झाली, माप बदलावं लागलं. त्यानंतर रात्रीचं उठणं थांबलं, आणि सहा आठवड्यांनी वहीत झोप ८ तासांवर आली होती. कुणी जबरदस्तीने उठवलं नाही, गजर लावला नाही. कारण काढलं आणि तास आपणहून उतरले.

हे उदाहरण मुद्दाम बाईचं घेतलं. अ‍ॅप्निया म्हटलं की जाडजूड, गडगडाटी घोरणारा पुरुष डोळ्यांसमोर येतो. बायकांमध्ये तो थकवा, सकाळची डोकेदुखी, तुटक झोप अशा रूपात दिसतो, रजोनिवृत्तीनंतर त्याचं प्रमाण वाढतं, आणि तरी त्यांना "ताण घेऊ नका" एवढंच सांगून परत पाठवलं जातं. याची मला खरोखर चीड येते. बारीक माणसालाही जबड्याच्या ठेवणीमुळे किंवा मोठ्या टॉन्सिलमुळे हा आजार होऊ शकतो. एकटे राहत असाल तर फोनवर रात्रभराचं ध्वनिमुद्रण करून बघा. निदानाला ते पुरणार नाही, पण डॉक्टरांना ऐकवता येतं.

झोप तुटण्याचं दुसरं कारण पायांत असतं. संध्याकाळी आडवं झालं की पायांत वळवळ, हलवल्याशिवाय चैन पडत नाही, चालल्यावर बरं वाटतं. अशा वेळी हिमोग्लोबिन ठीक असलं तरी फेरिटिन तपासायला सांगा, कारण शरीरातला लोहाचा साठा कमी असण्याचा या त्रासाशी संबंध आहे.

गोळ्या आणि दारू

वहीतला गोळ्यांचा रकाना नीट वाचा. अ‍ॅलर्जी-सर्दीच्या जुन्या गोळ्या, त्यातही क्लोरफेनिरामिन असलेल्या, मिर्टाझापिन, क्वेटियापिन, प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन, क्लोनाझेपाम, यांनी झोप लांबते. क्लोनाझेपामचं निम्मं प्रमाण शरीरातून जायलाच दीड दिवसाच्या आसपास लागतं, म्हणजे रात्रीची गोळी दुसऱ्या दिवशी दुपारीही अंगात असते. यातली कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नका. क्लोनाझेपाम एकदम सोडल्याने फिट येऊ शकते. डोस, वेळ किंवा औषध बदलता येईल का, एवढंच विचारा. दारूने झोप लवकर लागते पण रात्रीचा उत्तरार्ध तुटक होतो. ती न घेता दोन आठवड्यांची वही लिहिली की फरक दिसतो.

मन खचलेलं असताना

नैराश्य म्हणजे झोप उडणं असं बहुतेकांच्या डोक्यात असतं. पण एका गटात, विशेषतः तरुणांमध्ये आणि बायपोलर आजारातल्या खचलेल्या काळात, झोप उलट वाढते. भूकही वाढते, हातपाय शिशाचे झाल्यासारखे वाटतात. वहीत याची एक खूण सापडते: जाग वेळेवर आलेली असते पण उठावंसं वाटत नाही, आणि दिवसाला सामोरं जाण्यापेक्षा पुन्हा पांघरूण ओढणं सोपं वाटतं. अशा माणसांना झोपेच्या प्रयोगशाळेत दिवसा झोपायला सांगितलं तर अनेकदा झोप लवकर लागत नाही. म्हणजे झोपेची भूक वाढण्यापेक्षा अंथरूण सोडण्याची ताकद आटलेली असते. आवडीच्या गोष्टींतला रस दोन आठवड्यांहून अधिक काळ गेला असेल, तर सगळ्या रक्ततपासण्या संपायची वाट न बघता मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. जगणं नकोसं वाटत असेल तर आजच कुणाला तरी सांगा आणि आजच मदत घ्या.

कशानेच उतरत नाही तेव्हा

वेळ पुरेसा दिला, गोळ्या तपासल्या, श्वास ठीक निघाला, मनही ठीक आहे, आणि तरी दिवसरात्र मिळून ११ तास किंवा जास्त झोप लागते. चार गजर लावूनही उठता येत नाही. उठल्यावर तासभर माणूस गोंधळलेला, चिडचिडा, बोललेलं न आठवणारा. दुपारची झोप दीड-दोन तासांची, आणि तीही ताजंतवानं न करणारी. हे तीन महिन्यांहून अधिक काळ चाललं असेल तर इडिओपॅथिक हायपरसोम्नियाचा विचार करतात. हा दुर्मीळ मेंदूविकार आहे, आळसाशी त्याचा संबंध नाही. नार्कोलेप्सी वेगळी. तिथे चोवीस तासांतली एकूण झोप फार वाढलेली नसते, दिवसा झोपेचे अनावर झटके येतात, छोट्या डुलकीने तात्पुरती तरतरी येते, आणि काहींना जोरात हसताना गुडघे किंवा मान एकदम ढिली पडते.

दोन्हींसाठी रात्रभराची झोप-चाचणी करतात आणि दुसऱ्या दिवशी दोन-दोन तासांच्या अंतराने चार-पाच वेळा झोपायला लावून किती मिनिटांत झोप लागते ते मोजतात. सरासरी ८ मिनिटं किंवा कमी आली तर ती असामान्य धरतात. अपुरी झोप झालेल्या माणसाचीही सरासरी अशीच खाली येते, म्हणून आधीच्या आठवड्यांची वही इथे लागतेच.

आणि ज्यांना काहीच झालेलं नसतं

काही माणसं जन्मतःच लांब झोपणारी असतात. लहानपणापासून दहा तास, तेवढी मिळाली की दिवसभर टवटवीत, पेंग नाही, एपवर्थ कमी. यांना उपचार लागत नाहीत, त्यांना फक्त तेवढा वेळ लागतो. आठ तासांत बसवायला गेलं की त्यांची थकबाकी साचते. जास्त झोप आणि लवकर मृत्यू यांचा संबंध दाखवणारी जी पाहणी बातम्यांत येते, ती बहुधा लोकांनी स्वतः सांगितलेल्या तासांवर उभी असते. शिवाय आधीच आजारी असलेली माणसं जास्त झोपतात, हे त्यात मिसळलेलं असतं. त्या बातम्यांमुळे टवटवीत माणसाने गजर लावून झोप तोडू नये.

लवकर दाखवा

पूर्वी साडेसात तास पुरायचे आणि काही महिन्यांत ते दहा झाले, हा बदल स्वतःच तपासण्याजोगा आहे. श्वास अडकताना कुणी पाहिलं असेल, वाहन चालवताना डुलकी लागली असेल, सोबत वजन झपाट्याने बदलत असेल किंवा ताप येत राहत असेल, तर दोन आठवड्यांची वही पूर्ण व्हायची वाट बघू नका. डोक्याला मार लागल्यानंतर माणूस जास्तच झोपू लागला, उठवल्यावर नीट जागा होत नाही, बोलणं असंबद्ध आहे, जोरात डोकं दुखतं किंवा उलट्या होतात, तर त्याच वेळी रुग्णालयात न्या.

बाकीच्यांनी साध्या फॅमिली डॉक्टरांपासून सुरुवात करावी. सोबत वही, एपवर्थची बेरीज, सगळ्या गोळ्यांची यादी न्यावी, आणि शक्य असेल तर शेजारी झोपणाऱ्या माणसालाही न्यावं.